लेकाच्या मिळकतीत आईचा वाटा

मागच्या व्याख्यानानंतर इथल्या एका आजींनी आम्हाला थांबवून एक प्रश्न विचारला होता. शनिवार होता, काष्टीचा बाजार भरलेला, बाहेर जनावरांच्या गाड्यांची गर्दी. आजी म्हणाल्या, "सर, लेक गेला. सातबाऱ्यावर सुनेचं आणि नातवंडांचं नाव लागलं. ते बरंच झालं. पण माझं काय? लेकाच्या जमिनीत आईला काही असतं का?" आम्ही त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. दोन वाक्यांत मावावं असं ते उत्तरच नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा राहिलेला भाग समजा.

आम्ही वकील नाही, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर आहोत. पण धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना या प्रश्नाशी आमची गाठ पडली आणि तेव्हापासून तो सुटलेला नाही. प्रश्न असा: हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला आणि मागे बायको, मुलं आणि आई राहिली, तर त्याचं जे काही आहे ते कुणाला किती?

आपण ९०० वर्षं मागं जाऊ. फार लांब नाही, बिदरकडे कल्याणीला. तिथं चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वारसांचा क्रम सांगताना स्मृतीत एका ठिकाणी 'पितरौ' असा शब्द येतो. 'पितरौ' म्हणजे आईबाप दोघं. पण दोघांत आधी कोण? विज्ञानेश्वर म्हणतो, आई. त्याचं एक कारण व्याकरणाचं आहे, समास सोडवताना आईचा शब्द आधी येतो हे. दुसरं कारण आम्हाला फार आवडतं. बाप हा सवतीच्या मुलांचाही बाप असतो, तो अनेकांत वाटला गेलेला आहे. आई मात्र फक्त तिच्या पोटच्या मुलांची. म्हणून मुलाला आई जास्त जवळची, आणि जो जवळचा त्याला आधी. आमच्या वर्गात आम्ही हे युक्तिवादाचं उदाहरण म्हणून द्यायचो.

पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने व्यवहारमयूख लिहिला. हे भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं, काशीला जाऊन राहिलेलं. नीलकंठाने क्रम उलटा लावला, बाप आधी आणि आई नंतर. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी मग इलाखे पाडले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथं मयूखाचा शब्द वरचढ, बाकी मराठी मुलखात मिताक्षरेचा. आणि पुणे, अहमदनगर, खानदेश हे जिल्हे मधले: इथं दोन्ही ग्रंथांना जवळपास सारखा मान, पण मिताक्षरेशी उघड विरोध येईल तिथं मिताक्षराच खरी. म्हणजे आपण ज्या मातीत बसलोय तिथं आईचा क्रम बापाच्या आधी होता.

टाळ्या वाजवू नका, कारण कागदावरचा हा मान प्रत्यक्षात फारसा कुणाला मिळाला नाही. आईचा नंबर यायचा कधी? मुलगा, नातू, पणतू, मग विधवा, मग मुलगी, मग मुलीचा मुलगा, यांतलं कुणीच नसेल तेव्हा. घरात एक नातू असला की आईच्या हाती वारसा म्हणून काही नाही. तिला अन्नवस्त्र. विधवेचंही तेच: मुलगा असेल तर तिला वारसा नाही, अन्नवस्त्र. फक्त एक अपवाद जुन्या धर्मशास्त्रात होता आणि तो पुढे फार महत्त्वाचा ठरला, म्हणून लक्षात ठेवा. बाप आणि मुलगे यांच्यात वाटप झालं, तर बापाच्या बायकोला मुलाइतका एक हिस्सा द्यायचा. बाप वारल्यावर भावाभावांत वाटप झालं, तरी आईला एक हिस्सा द्यायचा. तिला स्वतः वाटप मागता येत नसे, पण इतरांनी केलं तर तिला वगळता येत नसे. दक्षिणेत तमिळ मुलखाकडे ही चाल मागे पडली, आपल्याकडे मात्र टिकली.

१९३७ साली डॉक्टर गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि विधवेला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. पण तो हयातीपुरता. ती उपभोग घेईल, पण मनाला येईल तशी विकू शकणार नाही, आणि तिच्यामागे ते परत नवऱ्याच्या वारसांकडे जाणार. शिवाय १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की हा कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागूच नाही, मग मुंबई प्रांताला तो वेगळा लागू करून घ्यावा लागला. मेलेल्या माणसाच्या आईविषयी आणि मुलीविषयी त्या कायद्यात काही नव्हतं.

मग १७ जून १९५६. हिंदू वारसा कायदा. यात पहिल्या वर्गाचे वारस सांगितले आणि त्यांत विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना एका पंगतीत बसवलं. एकामागून एक नाही, एकाच वेळी. प्रत्येकाला एक वाटा. विधवेला आणि आईला जे मिळेल ते पूर्ण मालकीने. आधी वारलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्या घराला मिळून एक वाटा. आणि बाप? बाप दुसऱ्या वर्गात गेला. पहिल्या वर्गातलं एक जरी माणूस हयात असेल तरी त्याला काही नाही. विज्ञानेश्वराचा क्रम इथं फारच लांबवर गेला असं आम्हाला वाटतं, पण तो वाद आज नको.

आता एक उदाहरण घेऊ. घर काल्पनिक, पण असं घर तुम्हाला दर गल्लीत सापडेल. एका माणसाने स्वतःच्या कमाईतून चार एकर जमीन खरेदी केली. चार एकर म्हणजे १६० गुंठे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी. मुलीचं लग्न झालेलं आहे, त्याने काही फरक पडत नाही. वाटे चार, प्रत्येकी ४० गुंठे. आईला एक एकर. संपलं. इथं दुसरी पायरी नाही.

आता हीच चार एकर जमीन दुसऱ्या घरातली समजा. त्या माणसाला ती बापाच्या हयातीत, बापाशी आणि भावांशी झालेल्या वाटपात मिळालेली आहे. म्हणजे त्याच्या मुलांच्या दृष्टीने ती वडिलोपार्जित. माणसं तीच: आई, बायको, मुलगा, मुलगी. आणि तो आजच्या कायद्याखाली वारला. इथं हिशेब दोन पायऱ्यांनी होतो. पहिल्या पायरीत असं मानायचं की मरणाच्या क्षणाआधी त्याने घरात वाटप केलं होतं. त्या मानलेल्या वाटपात त्याचा एक, मुलाचा एक, मुलीचा एक आणि बायकोचा एक, असे चार हिस्से, प्रत्येकी ४० गुंठे. त्याच्या आईला या पायरीत काही नाही, कारण मुंबईकडच्या परंपरेत मुलगा आणि त्याची मुलं यांच्यातल्या वाटपात आजीला हिस्सा धरत नाहीत. दुसऱ्या पायरीत फक्त त्याचे स्वतःचे ४० गुंठे वारसांत जातात: आई, बायको, मुलगा, मुलगी, प्रत्येकी १०. म्हणजे बायको, मुलगा आणि मुलगी यांना ५०, आणि आईला १०.

एका घरात आईला ४० गुंठे, दुसऱ्या घरात १०. माणसं तीच, जमीन तेवढीच. फरक फक्त जमीन कुठून आली याचा. म्हणून आजी, तुम्हाला आम्ही पहिला प्रश्न विचारायला हवा होता तो हा, की लेकाच्या नावावर ती जमीन कशी आली?

दोन पायऱ्यांचा हा हिशेब आभाळातून पडलेला नाही. त्यामागे आपल्याच महाराष्ट्रातलं, सांगलीचं एक भांडण आहे. कायद्याच्या पुस्तकांत ते गुरुपाद विरुद्ध हिराबाई या नावाने शिकवलं जातं. खंडाप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. दोन घरं, जमीन, दोन दुकानं आणि जंगम वस्तू. त्यांची मागणी होती २४ पैकी ७ भागांची.

हा आकडा विचित्र वाटतो, पण फोड करून बघा. १९६० मध्ये मुलींना एकत्र कुटुंबात जन्माने हक्क नव्हता. म्हणून मानलेल्या वाटपात खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे असे चार हिस्से, प्रत्येकी पाव. मग खंडाप्पांच्या पावाचे सहा वाटे: हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. पावाचा सहावा भाग म्हणजे चोविसावा. हिराबाईंचा आधीचा पाव म्हणजे चोविसांतले सहा, आणि नवऱ्याकडून एक. एकूण सात. दोन्ही मुलांचे सात सात, मुलींना एक एक. बेरीज चोवीस.

खालच्या न्यायालयाने हिराबाईंना २४ पैकी फक्त १ भाग दिला. म्हणणं असं: खंडाप्पांचा हिस्सा किती हे काढण्यापुरतंच ते वाटप मानायचं आहे. ते खरं झालेलं नाही. मग त्यातला बायकोचा पाव तिला कसा द्यायचा? हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाचेच दोन निकाल दोन दिशांना गेले होते. उच्च न्यायालयाने हिराबाईंची बाजू घेतली, आणि मुलगा गुरुपाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. आमच्या शब्दांत सांगायचं तर: एकदा वाटप झालं असं मानलं, की त्याबरोबर जे जे येतं ते सगळं मानावं लागतं. अर्ध्या वाटेवर कल्पनेला लगाम घालता येत नाही. वाटप झालं असतं तर हिराबाईंना पाव मिळालाच असता, म्हणून तो पाव त्यांचा. धर्मशास्त्रातला तो जुना अपवाद, बापलेकांच्या वाटपात बायकोला एक हिस्सा, इथं कामाला आला. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून आम्हाला हा निकाल वाचताना मजा येते, कारण गृहीतक मान्य करून निष्कर्ष नाकारणारे विद्यार्थी आम्ही ३५ वर्षं पाहिले आहेत.

या खटल्यात आणखी एक गंमत दडली आहे. मुलाने बचाव म्हणून असंही मांडलं होतं की ही मिळकत एकत्र कुटुंबाची नाहीच, वडिलांची स्वतःची कमाई आहे. ते न्यायालयाला पटलं नाही. पण ते पटलं असतं आणि आधी कुठलं वाटप झालेलं नसतं, तर सहा वारसांना सारखे सहा वाटे झाले असते. चोविसांच्या भाषेत प्रत्येकाला चार. मुलाचे सातांवरून चार आणि बहिणींचे एकावरून चार! कोणतं म्हणणं कुणाच्या फायद्याचं हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

मुलींचं हे एक आणि सात पुढे बदललं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने हेही स्पष्ट केलं की बाप २००५ मध्ये हयात असायला पाहिजे असं काही नाही. खंडाप्पांचाच हिशेब आजच्या नियमाने करा. बाप, आई, पाच मुलं, सात हिस्से. बापाच्या सातव्या भागाचे सहा. प्रत्येकाला सातवा अधिक बेचाळिसावा, म्हणजे सरळ सहावा. सगळे सारखे. मग दोन पायऱ्यांची उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. ती उरते ती मयताच्या आईसाठी. ती मयताच्या वाटपात नाही, फक्त वारसात आहे, म्हणून वडिलोपार्जित मिळकतीत तिचा भाग लहान होतो.

आता 'वडिलोपार्जित' या शब्दाची एक अडचण सांगितली पाहिजे. गावात आपण बापाकडून आलेल्या सगळ्याला वडिलोपार्जित म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. बाप १९५६ नंतर वारला आणि त्याच्या स्वतःच्या मिळकतीतला भाग मुलाला वारस म्हणून मिळाला, तर तो मुलाच्या हातात त्याची स्वतंत्र मिळकत असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन यांच्या प्रकरणात हे सांगितलं. म्हणजे बापाच्या मरणाने आलेली जमीन आणि बापाच्या हयातीत वाटपाने आलेली जमीन, या दोन गोष्टी वेगळ्या. म्हणून जुने फेरफार काढून बघायचे. आज सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्याने भागत नाही, ते नाव खरेदीखताने लागलं, वाटपाने लागलं की वारसाने, हे फेरफाराच्या नोंदीत लिहिलेलं असतं. काही जुन्या उताऱ्यांवर नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं सापडतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथं एकाचं नाव दिसतं आणि हक्क अनेकांचे असतात.

आणि आईचं नाव राहतं कुठं, तर वारस नोंदीच्या अर्जात. माणूस वारल्यावर तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी देतात. तलाठी चौकशी करून नमुना ६-क च्या वारस नोंदवहीत नावं घेतो, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. यादी घरातूनच जाते. लिहिणारा कुणी 'पत्नी, मुलगा, मुलगी' लिहून थांबला की आई गेली. बहुतेक वेळा यात कपट नसतं. म्हातारीला कशाला दगदग, तिचं आपण करतोच आहोत, असा विचार असतो. आमच्या स्वतःच्या घरी काका गेले तेव्हा आमच्या आजीचं नाव असंच राहिलं होतं, आणि अर्ज लिहिणारे आम्हीच होतो. पदवीधर!

नाव राहिलं म्हणून हक्क जात नाही, हे मात्र पक्कं ध्यानात घ्या. फेरफार महसुलासाठी असतो, मालकी त्याने ठरत नाही. वाद झालाच तर तो दिवाणी न्यायालयात सुटतो. हक्क जातो तो आईने मृत्यूनंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं तर. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने जात नाही. आणि मुलाने हयातीत मृत्युपत्र करून स्वतःच्या कमाईचं सगळं बायकोला लिहून ठेवलं असेल तर आईला वारस म्हणून मागता येत नाही, तिच्याकडे पोटगीचा मार्ग उरतो. आईने दुसरं लग्न केलं असेल तर? तरीही ती आईच, तिचा वाटा जात नाही. सावत्र आई मात्र या यादीत नाही. विज्ञानेश्वराचा तो युक्तिवाद आठवा.

एक शेवटची पायरी राहिली, आणि सुनांचा खरा घोर तिथं असतो. पहिल्या घराकडे परत जाऊ, जिथं आईला ४० गुंठे मिळाले. काही वर्षांनी आईही मृत्युपत्र न करता वारली. तिचा नवरा आधीच गेलेला. वारलेल्या मुलाखेरीज तिला एक मुलगी आहे. आता ते ४० गुंठे कुणाकडे? बाईच्या मिळकतीचा नियम वेगळा आहे: तिची मुलं, आणि आधी गेलेल्या मुलाची मुलं. म्हणून मुलीला, म्हणजे नातवंडांच्या आत्याला, २० गुंठे. वारलेल्या मुलाच्या दोन मुलांना मिळून २०, प्रत्येकी १०. आणि सुनेला? मुलाची विधवा या ओळीत नाही. तिला सासूच्या ४० गुंठ्यांतून काही येत नाही. शेवटी १६० गुंठ्यांचा हिशेब असा पडतो: सून ४०, मुलगा ५०, मुलगी ५०, आत्या २०.

सुनेला हे २० गुंठे घरातून बाहेर गेल्यासारखे वाटतात, आणि आत्याला वाटतं की ते आपल्या आईचे. कायद्याने आत्याचं खरं आहे. सासूचं नाव लावू नका असं सुनेला जे वाटतं त्याचं मूळ बहुधा इथं असतं, सासूशी भांडण असतंच असं नाही. आणि सासूला खरोखरच ते नातवंडांना ठेवायचे असतील तर तिला मार्ग आहे. वाटा आधी स्वतःच्या नावावर घ्यायचा, मग मृत्युपत्र करायचं. पूर्ण मालकी तिची आहे, ती हवं त्याला देऊ शकते. नाव न लावल्याने आत्याचा हक्क टळत नाही, फक्त वीस वर्षांनी खटला उभा राहतो.

त्या आजींना आम्ही मंगळवारी परत भेटलो. फेरफार बघितला. लेकाने ती जमीन २००३ मध्ये खरेदीखताने घेतलेली होती. वारसांच्या यादीत तीन नावं होती, चौथं नव्हतं. आजींनी सुनेला शेजारी बसवूनच अर्ज लिहून घेतला, आणि सही करायच्या आधी विचारलं, "हिला कमी तर पडत नाही ना?" आम्ही म्हणालो, "पडतं, आजी. तिघांत होतं तेव्हा तिचा तिसरा हिस्सा होता, आता चौथा." सून काही वेळ गप्प होती. मग तिने पेन आजींच्या हातात दिलं.